न आलेल्यांची यादी
(लहान पार्लर आणि दवाखाना चालवणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

पार्लर चालवणाऱ्या बाईला धंदा कसा चाललाय असं विचारलं, तर बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर येतं: "कस्टमर भरपूर आहेत हो, शनिवार-रविवारी तर बसायला जागा नसते." यात खोटं काही नसतं. पण बसलेल्यांपैकी किती जणी मागच्या दिवाळीआधीही येत होत्या, आणि तेव्हा येणाऱ्यांपैकी कोण आता येत नाही, असं पुढे विचारलं की संभाषण थांबतं. आलेली बाई समोर खुर्चीत बसलेली असते. न आलेली कुठेच दिसत नाही. ती भांडून जात नाही, निरोप घेऊन जात नाही. तीन आठवड्यांनी यायची ती पाच आठवड्यांनी येते आणि मग येतच नाही. तिच्या जागी नवीन कोणीतरी बसलेलं असल्यामुळे गल्ल्यावरही चटकन कळत नाही.

जुन्या काळी गावच्या न्हाव्याला हा प्रश्न नव्हता. बलुत्याची घरं ठरलेली असत, वर्षाचं धान्य ठरलेलं असे, आणि गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जाईल अशी भीती नसे. त्या व्यवस्थेचे बाकीचे जाच सगळ्यांना ठाऊक आहेत, तिची आठवण काढून हळहळण्याचं कारण नाही. आज मात्र एका रस्त्यावर चार पार्लरं असतात आणि चारही ठिकाणी आयब्रोचा भाव जवळपास तोच असतो. अशा वेळी बाई पुन्हा आपल्याकडेच का येईल, याचं उत्तर शोधताना बहुतेकांचा हात पहिल्यांदा सवलतीच्या फलकाकडे जातो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी जायला हवा, आणि या पुस्तिकेतल्या प्रकरणांचा क्रम त्याच मताने लावला आहे. आधी वही, मग आठवण करून देणं, मग तक्रार, आणि सवलत सगळ्यात शेवटी. प्रस्तावनेत मात्र मी हा क्रम थोडा मोडणार आहे, कारण सवलतीचा मोह आधीच मोडून काढलेला बरा.

वहीपासून सुरुवात करू. संगणकावरचं महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. दोनशे पानी वही किंवा मोबाइलमधली साधी शीट पुरते. त्यात नाव, मोबाइल नंबर, तारीख, काय काम केलं, कोणत्या मुलीने केलं, किती पैसे झाले आणि पुढचं काम साधारण कधी येईल, एवढं लिहायचं. यातले दोन रकाने लोक हमखास गाळतात: काम करणाऱ्या मुलीचं नाव आणि पुढची अपेक्षित तारीख. या दोन रकान्यांशिवाय वही म्हणजे नुसती जमाखर्चाची नोंद राहते.

पुढची तारीख अंदाजाने टाकता येते, कारण पार्लरमधल्या प्रत्येक कामाचं शरीराने ठरवलेलं एक चक्र असतं. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, थोडे जास्तच, वाढतात. म्हणून रूट टच-अप केलेल्या बाईच्या भांगात चार-पाच आठवड्यांत पांढरी रेघ दिसायला लागते. आयब्रो दोन ते तीन आठवड्यांत विस्कटतात, वॅक्सला चार आठवडे लागतात, आणि केसांचा कट दीड-दोन महिन्यांत आकार सोडतो. प्रत्येक बाईचं चक्र थोडं वेगळं असतं, पण तिच्या तीन भेटींच्या तारखा वहीत असल्या की ते कळतं. जी बाई आपल्या नेहमीच्या चक्राच्या दीडपट काळ लोटूनही आली नाही, तिचं नाव "न आलेल्यांच्या यादीत" घालायचं. पाच आठवड्यांनी रूट टच-अपला येणारी साडेसात आठवडे दिसली नाही, तर ती पांढऱ्या भांगाने फिरत नाहीये. तिचं काम दुसरीकडे झालेलं आहे, किंवा तिच्या घरी काहीतरी घडलंय.

ही यादी काय सांगू शकते, ते एका काल्पनिक पार्लरवर पाहू. डोंबिवली पूर्वेला दोन खुर्च्या, मालकीण आणि दोन मुली असं पार्लर धरू. मार्चमध्ये वहीत १२० बायका आहेत, त्यातल्या ९० जुन्या आणि ३० पहिल्यांदाच आलेल्या. जूनअखेरीस मालकीण वही घेऊन बसते आणि मार्चमधली कोणती बाई मधल्या तीन महिन्यांत परत आली, यावर खूण करत जाते. जुन्या ९० पैकी ७६ परत आल्या. नव्या ३० पैकी फक्त ११. एकत्र धरलं तर १२० पैकी ८७, म्हणजे ठीकच वाटतं. वेगळं केल्यावर दिसतं, की खरी गळती पहिल्या भेटीनंतर आहे. या बाईने जुन्यांसाठी कितीही लॉयल्टी कार्डं छापली, तरी ती १९ नवी माणसं परत येणार नाहीत, कारण त्यांना कार्डापर्यंत पोचायचंच नव्हतं.

आता जुन्यांपैकी न आलेल्या १४ जणींना ती एकेक करून फोन करते. तिघींनी घर बदललंय. एकीचं बाळंतपण झालंय, एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. तिघी गोड बोलून टाळतात. एक फोनच उचलत नाही. उरलेल्या पाच जणींकडून थेट काही कळत नाही, पण वहीत त्या पाचहीजणींच्या नावासमोर काम करणाऱ्या मुलीचं नाव एकच आहे, आणि ती मुलगी एप्रिलमध्ये काम सोडून स्टेशनजवळच्या नव्या पार्लरमध्ये गेली. "मुलीने माझे कस्टमर पळवले" ही या धंद्यातली सगळ्यात जुनी तक्रार आहे. पण बाई ज्या हाताकडे जात होती, त्या हाताच्या मागे ती जाणारच. मालकिणीने करायचं ते त्याआधी: प्रत्येक नियमित बाईला वर्षातून दोन-तीनदा दुसऱ्या मुलीच्या हातूनही काम करून घ्यायला लावायचं, आणि अपॉइंटमेंटचे सगळे निरोप मुलीच्या नंबरवरून न जाता पार्लरच्या नंबरवरून जायला हवेत. मुलगी जाईल तेव्हा तिच्या मोबाइलमधले नंबर तिच्याबरोबर जातील. पार्लरच्या मोबाइलमधले राहतील.

पहिल्यांदा येऊन परत न येणाऱ्यांचं काय? यात भाव, अंतर, पार्किंग अशी कारणं असतात, पण एक कारण आपण स्वतः तयार करतो. बाई नुसती आयब्रोला आलेली असते. मुलगी दोरा तोंडात धरून, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावरून म्हणते, "मॅडम, स्किन किती टॅन झालीये! आणि नाकावर ब्लॅकहेड्स बघा. डी-टॅन करून टाकूया का?" बाई मागे रेललेली, डोळे मिटलेले, उत्तर द्यायची सोय नाही. बहुतेकदा ती "नको, पुन्हा कधीतरी" म्हणते, आणि ते पुन्हा कधीतरी दुसऱ्याच पार्लरमध्ये होतं. मुलीला दोष देण्याआधी तिचा पगार पाहावा. जिला वरच्या कामावर टक्केवारी आहे, ती वरचं काम विकणारच. पहिल्या भेटीत, मागितलेल्या कामाशिवाय दुसरं काही सुचवायचं नाही, एवढा एक नियम घालून तीन महिने वही पाहा. चेहऱ्यातली उणीव दाखवून काम मिळवणं हा आपल्याकडच्या पार्लरांचा जुना रोग आहे, आणि तो फार आधी सुटायला हवा होता.

आठवण करून देणं हे या सगळ्यात स्वस्त काम आहे आणि तेच सगळ्यात वाईट केलं जातं. कारण आठवण आणि जाहिरात यांची गल्लत होते. "होळी धमाका! सर्व सेवांवर ३० टक्के सूट" असा फुलाफुलांचा निरोप दोनशे जणींना गेला की आपण संपर्क ठेवला, असं मालकिणीला वाटतं. त्या निरोपात वाचणारीबद्दल काहीच नसतं. त्याऐवजी हा पाहा: "नमस्कार ताई. मागच्या महिन्यात १२ तारखेला रूट टच-अप केलं होतं, शेड ४ नंबर. येत्या बुधवारी ११ किंवा गुरुवारी ४ वाजता वेळ ठेवू का?" यात तारीख तिची आहे, शेड तिची आहे, आणि उत्तर एका शब्दात देता येतं. सवलत कुठेच नाही. गर्दी नसलेल्या दोन वेळाच तिच्यापुढे ठेवल्यात, हा आपला फायदा. हा निरोप पांढरी रेघ दिसायच्या तीन-चार दिवस आधी जायला हवा. आधी गेला तर ती विसरते, उशिरा गेला तर तिने घरी पाकीट आणून लावलेलं असतं.

एका चक्राला एक निरोप, उत्तर नाही आलं तर आठवड्याने एक फोन, आणि मग गप्प बसायचं. तिसऱ्या निरोपाला बाई ब्लॉक करते, आणि ब्लॉक करणाऱ्या वाढल्या तर व्हॉट्सअॅप आपला नंबरच बंद करू शकतं. हा धोका लोक हलक्यात घेतात, कारण वही नसली तर सगळे नंबर त्या एकाच ठिकाणी असतात. व्हॉट्सअॅप बिझनेस अॅपमध्ये ब्रॉडकास्ट यादी करण्याची सोय आहे, एका यादीत २५६ नंबर बसतात. पण तो निरोप फक्त ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणजे ज्या नव्या बाईला आठवण देण्याची सगळ्यात गरज आहे, तिलाच तो जात नाही. पैसे देताना "ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, वेळ घ्यायला बरं पडेल" असं सांगणं, आणि निरोप पाठवलेले चालतील का हे विचारून वहीत खूण करणं, हे दोन्ही काउंटरवरच होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: ज्या कामासाठी नंबर घेतला, ते सांगून, संमतीने घ्यावा. एसएमएस पाठवायचा असेल तर दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि निरोपाचा मसुदा आधी नोंदवून घ्यावा लागतो. दोन खुर्च्यांच्या पार्लरने त्या वाटेला न जाता हाताने निरोप लिहावेत. रोज सात-आठच असतात, चहा होईपर्यंत संपतात.

पंचांगाकडेही एक डोळा हवा. पितृपक्षात कित्येक घरांत केस कापत नाहीत, आणि श्रावणात कित्येक पुरुष दाढीला हात लावत नाहीत. त्या दिवसांत "कट कधी करायचा?" असा निरोप जाणं म्हणजे या पार्लरला आपल्या घरची रीत माहीत नाही, असं सांगणं. उलट गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा, संक्रांतीनंतरची हळदीकुंकवं आणि लग्नसराई यांत आठवण द्यावी लागत नाही, वेळ राखून ठेवावी लागते. नियमित बाईला गौरीच्या आदल्या दिवशी वेळ मिळाली नाही आणि रस्त्यावरून आलेलीला मिळाली, तर ती हे वर्षभर लक्षात ठेवते.

आता सवलत. ती कुठे जाते, याचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही. फेशियल ९०० रुपयांचं धरू. सामान २०० रुपयांचं लागतं, मुलीला १५ टक्के म्हणजे १३५ रुपये जातात. भाडं, वीज आणि मालकिणीच्या हाती उरतात ५६५. यावर वीस टक्के सूट दिली की बाई ७२० देते, सामान तेवढंच लागतं, मुलीचे १०८ होतात, आणि उरतात ४१२. सूट वीस टक्के आहे, पण उरणाऱ्या पैशांत घट सत्तावीस टक्के आहे. आधी दहा फेशियलमध्ये जे मिळत होतं, तेवढंच मिळवायला आता चौदा करावी लागतील. चार फेशियल जास्त म्हणजे चार-पाच तास जास्त, आणि ते तास शनिवारी संध्याकाळी असतील तर तेवढा वेळ दुसऱ्या पूर्ण पैशांच्या कामाला मिळत नाही.

"नऊ आयब्रोवर दहावा फुकट" हे कार्ड तर सगळीकडे दिसतं. ६० रुपयांच्या कामावर त्याचा भार फार नाही. पण ते कार्ड नेमकं कोण भरतं? जी दर तीन आठवड्यांनी तशीही येत होती, ती. जी निसटण्याच्या बेतात आहे, तिला दहावा आयब्रो सहा-सात महिने दूर आहे. ज्या सवयीला बक्षीस देतो ती सवय आधीच लागलेली आहे, आणि जिला लावायची तिच्यापर्यंत बक्षीस पोचत नाही.

याचा अर्थ कार्ड फाडून टाकावं असा नाही. २००६ साली जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए द्रेझ या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका गाडी धुण्याच्या केंद्रावर तीनशे कार्डं वाटून केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या कार्डांवर आठ शिक्के हवे होते. उरलेल्या कार्डांवर दहा हवे होते, पण त्यातले दोन आधीच मारून दिलेले. दोन्हीकडे गाडी आठ वेळाच धुवायची होती. पहिल्या गटातल्या १९ टक्क्यांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्या गटातल्या ३४ टक्क्यांनी. सुरुवात झालेली दिसली की माणूस पुढे जातो. पार्लरसाठी यातून मी दोन गोष्टी घेतो. कार्ड लहान असावं, चार किंवा पाच भेटींचं. आणि पहिल्याच भेटीत दोन शिक्के मारून हातात द्यावं, म्हणजे गळतीच्या जागीच त्याचा उपयोग होतो.

आणि बक्षीस? ते पैशात देऊ नये, रिकाम्या वेळेत द्यावं. बहुतेक पार्लरं मंगळवार ते गुरुवार दुपारी बारा ते चार ओस असतात. पाचव्या भेटीला "मंगळवार-बुधवार दुपारी हेअर स्पा आमच्याकडून" असं दिलं, तर बाईच्या लेखी ती आठशे रुपयांची भेट आहे, आपल्याला दीड-दोनशेचं सामान आणि तशीही रिकामी बसलेली मुलगी एवढाच खर्च आहे. शिवाय आजवर फक्त आयब्रो करणाऱ्या बाईने स्पा कसा होतो हे एकदा अनुभवलेलं असतं. तीच भेट रविवारी दिली तर मात्र तिचा खर्च खरोखर आठशे आहे. नोकरी करणारीला दुपार जमत नाही, हे खरं. तिच्यासाठी सकाळी नऊची खुर्ची उघडी ठेवणं ही सवलतीपेक्षा मोठी गोष्ट ठरते.

आगाऊ पैशांच्या पॅकेजबद्दल थोडक्यात. "५,००० भरा, ६,००० ची कामं करून घ्या" म्हणून दिवाळीत वीस जणींनी भरले की हातात एक लाख येतो, आणि त्यात नवा एसी बसतो. जानेवारी ते मार्च त्या वीसजणी १,२०,००० ची कामं करून घेतात. सामान आणायचं असतं, मुलींचे पैसे द्यायचे असतात, आणि गल्ल्यात त्यांच्याकडून एक रुपया येत नाही. तो लाख म्हणजे कमाई नाही, उसनवारी आहे. वेगळ्या खात्यात ठेवून काम होईल तसा काढायची शिस्त नसेल तर या वाटेला जाऊ नये.

तक्रारीच्या प्रकरणावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे. तक्रार करणारी बाई अजून गेलेली नसते. गेलेली तक्रार करत नाही, तिच्या खुणा वहीत शोधाव्या लागतात: फेशियल बंद, फक्त आयब्रो सुरू. "आज ती नाही का?" असा प्रश्न. आईबरोबर येणारी मुलगी दिसेनाशी होते. अशा वेळी मालकिणीने स्वतः विचारावं, आणि "काही प्रॉब्लेम आहे का?" असं न विचारता "मागच्या फेशियलनंतर त्वचा कशी होती?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका संकोचाने "छे, काही नाही" म्हणतात. दुसऱ्याला खरं उत्तर देतात.

समोरून आलेली तक्रार कशी बिघडते, याचं सार्वजनिक उदाहरण दिल्लीत घडलं. २०१८ साली एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये केशरचनेची मॉडेल म्हणून काम केलेली एक बाई गेली. खालून चार इंच सरळ कापा, असं तिचं सांगणं होतं. कापणारीने वरून चार इंच ठेवले आणि बाकीचे कापून टाकले. तक्रार केल्यावर भरपाई म्हणून फुकट ट्रीटमेंट देऊ केली गेली, आणि त्या ट्रीटमेंटने टाळूला इजा झाली असं तिने तक्रारीत म्हटलं होतं. २०२१ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २ कोटींची भरपाई सांगितली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम पुराव्याअभावी रद्द करून प्रकरण परत पाठवलं, सेवेतल्या कसुरीचा निष्कर्ष मात्र बदलला नाही. कोटींचा आकडा बाजूला ठेवा, तो आपल्या गल्लीतला नाही. आपल्याला शिकायचं आहे ते दोन ठिकाणी. चार इंच म्हणजे कापायचे की ठेवायचे, हे कात्री लावण्याआधी बोटाने केसांवर दाखवून विचारायचं. आणि बिघडलेल्या कामावर त्याच खुर्चीत लगेच दुसरं रसायन फुकट लावायचं नाही.

केसांच्या रंगाचं उदाहरण घेऊ, कारण तिथे चूक महागात पडते. बऱ्याचशा काळ्या-तपकिरी रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं आणि काहींना त्याची अॅलर्जी असते. म्हणून ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा रंग लावून पाहायचा, हे पाकिटावरही लिहिलेलं असतं आणि पार्लरमध्ये क्वचित होतं. त्रास बहुतेकदा लगेच दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज आणि सूज येते. बाई पार्लरमधून खूश होऊन गेलेली असते, आणि पापण्या सुजतात त्या घरी. म्हणून पहिल्यांदा रंग लावलेल्या प्रत्येकीला दोन दिवसांनी फोन जायला हवा. हा फोन केला तर ती तक्रार आपल्याकडे येते. नाही केला तर ती सोसायटीच्या ग्रुपवर जाते.

ती सुजलेला चेहरा घेऊन आली, तर तिला इतर बायकांच्या समोरून आतल्या खोलीत न्यायचं, बसवायचं, पाणी द्यायचं आणि पूर्ण ऐकायचं. "तुमचीच स्किन सेन्सिटिव्ह आहे" हे वाक्य खरं असलं तरी त्या वेळी बोलायचं नाही. मुलीला तिच्यादेखत रागवायचं नाही, त्याने बाईला अवघडल्यासारखंच होतं. कोणता रंग, कोणती बॅच, किती वेळ ठेवला हे वहीतून लिहून द्यायचं आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचं, कारण डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. रंगाचे पैसे मागायच्या आधी परत करायचे. मलम आपण सुचवायचं नाही. आणि चार दिवसांनी पुन्हा फोन. साध्या बिघाडात, म्हणजे आयब्रो एकसारखे झाले नाहीत किंवा वॅक्समध्ये केस राहिले, तर मुलीला मालकिणीची वाट न पाहता काम पुन्हा करून देण्याची किंवा पाचशे रुपयांपर्यंत बिल सोडण्याची मुभा हवी. "मॅडम आल्या की सांगते" या उत्तराने तक्रार दुप्पट होते.

दवाखान्यांसाठी पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, आणि ते लहान आहे, कारण तिथे सवलतीचा विषयच नाही. डॉक्टरांसाठी असलेली २००२ ची आचारसंहिता रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करायला आणि रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन द्यायला-घ्यायला मनाई करते. दंतवैद्यांना त्यांच्या परिषदेची वेगळी संहिता आहे. तेव्हा "पाचवी तपासणी मोफत" अशी कार्डं दवाखान्याने छापू नयेत. आठवण करून देणं मात्र तिथे धंद्यापेक्षा औषधोपचाराचा भाग असतं. दाताचं रूट कॅनल झालं की दुखणं थांबतं, आणि दुखणं थांबलं की रुग्ण कॅप बसवायला येत नाही. दाढेसारखा चावण्याचा दात कॅपशिवाय राहिला तर पुढे चिरतो, आणि मग कधी कधी काढावाच लागतो. तेव्हा रूट कॅनलच्या शेवटच्या दिवशीच कॅपची तारीख लिहून द्यायची आणि ती चुकली तर त्याच आठवड्यात फोन करायचा. निरोपात आजाराचं नाव लिहायचं नाही. घरातला मोबाइल बऱ्याचदा मुलाच्या किंवा सुनेच्या हातात असतो. "डॉक्टरांनी दिलेली तारीख शुक्रवारची आहे" एवढं पुरतं. गूगलवर कोणी वाईट लिहिलं, तर उत्तरात उपचाराचा एक शब्दही यायला नको, तो माणूस आपला रुग्ण होता हेसुद्धा मान्य करायचं नाही. फोन नंबर देऊन भेटायला बोलवायचं.

आणखी एक प्रकरण काही वाचकांना खटकेल. काही नावं यादीतून काढून टाकावीत, असं मी तिथे म्हटलं आहे. जी दर वेळी पाऊण तास उशिरा येऊन पुढचीची वेळ खाते, मुलींशी अरेरावीने बोलते, किंवा काम झाल्यावर भाव पाडते, तिच्या नावासमोर पुढची तारीख लिहायची नाही. ती आली तर नीट काम करून द्यायचं, पण तिला निरोप जाणार नाही. मुलगी सोडून जाण्याच्या कारणांत अशा दोन-तीन बायका असतात, आणि मुलगी गेली की तिच्यामागे कोण जातं, ते वर डोंबिवलीच्या वहीत आलंच आहे.